पडद्यावरचा राम आणि झाडीपट्टीतले राम

२५ जानेवारी १९८७ च्या रविवारी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा गोंदिया नावाचा जिल्हा नव्हता. तो भंडारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग होता आणि वेगळा झाला १ मे १९९९ ला. पण वैनगंगेपासून बाघ नदीपर्यंतचा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा हा मुलूख स्वतःला झाडीपट्टी म्हणून ओळखतच होता. पुढच्या निबंधात या मुलुखात पडद्यावरचा राम कसा आला, कुणाच्या ओसरीवर बसला आणि तिथे आधीपासून असलेल्या रामांचे त्याने काय केले, याची चौकशी आहे. प्रस्तावनेत मी त्या चौकशीची दिशा सांगतो आणि एक-दोन गैरसमज आधीच बाजूला सारतो.

पहिला गैरसमज असा की दूरदर्शनने लोकांना भक्त केले. तसे म्हणायला पुरावा नाही. दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी त्या वर्षी टीव्हीला हार घालणाऱ्या, उदबत्ती लावणाऱ्या प्रेक्षकांच्या बातम्या मोठ्या नवलाने छापल्या. नवल त्या वार्ताहरांना वाटले. महाराष्ट्राला त्यात नवीन काहीच नव्हते. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली साळुंके नावाच्या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या, आणि तरीही राम पडद्यावर आला की प्रेक्षक हात जोडत, असे त्या काळातले लोक सांगत. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक या हिशेबाने ५६ गीतांत ऐकवले गेले, तेव्हा रेडिओच्या पेटीला हार घातले गेले होते. यंत्रातून देव येतो आणि यंत्राला नमस्कार करावा, ही रीत आपल्याकडे मालिकेच्या निदान तीस वर्षे आधीची.

मग नवे काय होते? माझे उत्तर असे: नवा होता एक चेहरा आणि नवी होती एक वेळ. ‘गीतरामायणा’ने आवाज दिला, पण चेहरा ज्याचा त्याने आपल्या मनातला घालायचा होता. मालिकेने चेहरा दिला, तोही देशभर एकच, आणि तो बघण्याची वेळही सगळ्यांना एकच दिली: रविवार, सकाळचे साडेनऊ. ज्या मुलुखात राम अनेक होते आणि काही घरांत तो मुद्दाम नव्हता, तिथे या एकपणाचा काय परिणाम झाला, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी पुण्यापेक्षा गोंदिया हे बघण्याचे चांगले ठिकाण आहे.

गोंदिया शहर हावडा-मुंबई लोहमार्गावरचे जंक्शन. भातगिरण्या, बिडीपत्ता आणि व्यापार यांवर वाढलेले. बाजाराची भाषा बहुतेक हिंदी. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला बालाघाट. पोवारांच्या घरात पोवारी बोलतात, खेड्यात झाडीबोली, देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीत गोंडी आणि छत्तीसगडी. पुण्यातल्या आजीला मालिकेचे संस्कृतप्रचुर हिंदी जरा परकेच वाटले असणार. गोंदियात ते पाठ-प्रवचनातून ओळखीचे होते, कारण इथल्या बऱ्याच घरांत तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’ लाल कापडात बांधून ठेवलेले असे. आमगाव-सालेकसाकडच्या गावांत छत्तीसगडसारख्या मानस मंडळ्या होत्या: पेटी, ढोलक, मंजिरा घेऊन चौपाई गायची आणि मग एकाने उठून तिची टीका करायची. त्याच वेळी मराठी घरांत श्रीधरांचा ‘रामविजय’ श्रावणात वाचला जाई. आणि धान कापून झाल्यावर, दिवाळीनंतरच्या मंडईत, दंडार उभी राही. तिच्यात पुरुष बायांची सोंगे घेत आणि पुराणातल्या माणसांच्या तोंडी झाडीबोली येई.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे: सांगणारा थांबतो. मानस मंडळीतला टीकाकार चौपाई थांबवून गावातल्या भावाभावांच्या वाटणीवर बोलतो. दंडारीतला सोंगाड्या समोर बसलेल्या पाटलाला चिमटा काढतो. पोथी वाचणाऱ्याला मध्येच प्रश्न विचारता येतो, आणि आजी तो विचारतेच. मालिकेतही स्वतः रामानंद सागर मधूनमधून पडद्यावर येऊन निरूपण करत, म्हणजे टीकाकार तिथेही होता. पण त्याला कुणी उलट काही विचारू शकत नव्हते आणि त्याला समोरचे गाव माहीत नव्हते. कथा सांगण्याच्या कामातून ऐकणाऱ्याचा वाटा गेला, हा बदल टीव्हीसमोरच्या उदबत्तीपेक्षा मला मोठा वाटतो.

पडदा होता तरी कुठे? १९८४ नंतर दूरदर्शनने देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभारली. अशा केंद्राचे चित्र पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत बरे दिसे. त्यापलीकडच्यांना बांबूवर उंच अँटेना चढवून, बूस्टर लावून, मुंग्यांच्या चित्रातून राम शोधावा लागे. संच थोडे होते: गिरणीमालकाकडे, मास्तरांकडे, जुन्या मालगुजाराच्या वाड्यात, क्वचित ग्रामपंचायतीत. त्यामुळे रविवारचे दर्शन बहुतेकांनी दुसऱ्याच्या घरी घेतले. जुन्या पिढीशी बोलताना मालिकेतल्या प्रसंगांइतकीच आठवण निघते ती कोण कुठे बसत होते याची. कुणी आत सतरंजीवर, कुणी ओसरीवर, कुणी खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे. देवळाच्या पायरीवर जी उतरंड होती, तीच थोडी सैल होऊन टीव्हीच्या खोलीत आली. सैल झाली हेही खरे, कारण काही मुलांना त्या वाड्याचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडता आला तो रामामुळे. पण ती मोडली असे कुणी म्हणत असेल, तर त्याने खिडकीबाहेरच्यांना विचारावे.

मालिकेचा शेवटचा भाग ३१ जुलै १९८८ ला लागला. झाडीपट्टीत ते दिवस रोवणीचे. चिखल केलेली बांधी आणि उपटलेले परे वाट बघत नाहीत, आणि मजूर बायांचा दिवस तर साडेनऊच्या कितीतरी आधी सुरू होतो. म्हणून ‘सगळा देश टीव्हीसमोर बसला होता’ हे वाक्य मी या निबंधात कुठेही वापरलेले नाही. ज्यांचा रविवार स्वतःच्या हातात होता, ते बसले होते.

आता चेहऱ्याकडे येतो. अरुण गोविल यांचा राम कुठून आला? बऱ्याच अंशी कॅलेंडरवरून. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या शिळाछापांनी देवांना एक ठरीव रूप दिले: किंचित पुढे आलेला पाय, आशीर्वादाचा तळवा, डोळ्यांत न हलणारे मंद हसू. १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटातल्या प्रेम अदीब आणि शोभना समर्थ यांच्या छबी पुन्हा कॅलेंडरवर गेल्या. सागर यांनी हाच ठेवा उचलला आणि त्याला हालचाल दिली, तीही अगदी थोडी. राम पडद्यावर आला की कॅमेरा सावकाश जवळ जातो, संगीत चढते, मग बघणाऱ्यांचे पाणावलेले डोळे दिसतात, मग पुन्हा रामाचा चेहरा. शहरी समीक्षकांनी याला संथ आणि बटबटीत म्हटले. त्यांना चित्रपट बघायचा होता. समोरच्या माणसाला देवाच्या डोळ्याला डोळा द्यायचा होता, आणि त्यासाठी लागणारा वेळ मालिका त्याला देत होती. फिलिप लुटगेनडॉर्फ या अमेरिकी अभ्यासकाने हे फार लवकर ओळखले. तुलसी-मानसाच्या कथनाची परंपरा त्यांनी आधी काशीत बसून अभ्यासलेली होती, म्हणून त्यांना मालिकेचा संथपणा दोष वाटला नाही.

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत त्या चेहऱ्यांत आणखी एक गंमत होती. कौसल्या जयश्री गडकर, दशरथ बाळ धुरी, भरत संजय जोग, मंथरा ललिता पवार. गडकर आणि धुरी प्रत्यक्षातही पतिपत्नी. तमाशापटांतली नायिका म्हणून ज्यांना मराठी माणसाने डोक्यावर घेतले, त्या गडकर इथे रामाची आई झाल्या आणि कुणाला खटकले नाही. मूळ ग्रंथांच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी, तुलसी, कंब यांच्या पंगतीला एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ही होते. पण कथेचा कणा मानसाचाच राहिला.

प्रभाव मोजायचा कसा, याचा एक ठोस नमुना देतो. लक्ष्मणरेषा घ्या. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही. तुलसीदासांच्या अरण्यकांडात, म्हणजे सीताहरणाच्या जागी, तीही नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारताना तिचा ओझरता उल्लेख करते, इतकेच. लोककथेत आणि कीर्तनात मात्र रेषा पूर्वीपासून आहे, म्हणून ‘टीव्हीने रेषा आणली’ हे चूक ठरेल. टीव्हीने आणले ते रेषेचे रूप: बाणाच्या टोकाने ओढलेली, ओलांडू पाहणाऱ्यासमोर भडकून उठणारी आगीची ओळ. आता गावात जाऊन तीन पिढ्यांना ती गोष्ट सांगायला लावा. १९८७ च्या आधी ऐकलेल्या माणसाच्या सांगण्यात रेषा ही बहुधा भावाची ताकीद असते. भर भिक्षा वाढण्याच्या धर्मसंकटावर असतो. मालिका पाहिलेल्याच्या सांगण्यात रेषेतून ज्वाळा निघतात आणि भर रावणाच्या मागे हटण्यावर जातो. ज्वाळा आल्या की समजावे, ही गोष्ट पडद्यावरून आली आहे. अग्निपरीक्षेचेही तसेच. खरी सीता आधीच अग्नीत ठेवलेली होती आणि हरण झाले ते छायेचे, हा मानसातला खुलासा मालिकेने रामाच्या तोंडून लक्ष्मणाला ऐकवला. मराठी पोथीवर वाढलेली एखादी म्हातारी आज तो खुलासा ‘रामायणात असेच आहे’ म्हणून सांगते, तेव्हा तिने मानस वाचलेले नसते. तिने तो भाग पाहिलेला असतो.

या कसोटीची मर्यादाही सांगायला हवी. लोक आठवणी दुरुस्त करतात. मालिका पाहिल्यावर आधीची कथा आपण तशीच ऐकली होती असे त्यांना प्रामाणिकपणे वाटू लागते. म्हणून तोंडी सांगण्यासोबत १९८७ पूर्वीच्या लिखित गोष्टी लागतात: मंडळ्यांच्या वह्या, दंडारीच्या संहिता, मंडपांचे फोटो. जिथे अशी वस्तू हाती लागत नाही, तिथे निष्कर्ष काढायचा मोह मी आवरला आहे.

जंगलपट्टीकडे गेले की प्रश्न बदलतो. सालेकसा तालुक्यातले कचारगड हे गोंडांचे मोठे श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांची कथा या डोंगराच्या गुहेशी जोडलेली आहे, आणि माघी पौर्णिमेला इथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. या जत्रेला आजचे संघटित रूप आले ते १९८० च्या दशकात. त्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली. त्यांचे मूळ नाव मोतीराम. त्यांनी त्यातला राम काढून तिथे रावण घातला. हे मालिकेमुळे झाले असे मी म्हणत नाही. कंगालींचे काम तिच्या आधीच सुरू झाले होते. पण पडद्यावर दर रविवारी एकच कथा खरी म्हणून सांगितली जात असताना, त्याच दशकात गोंड समाजातला शिकलेला वर्ग आपली कथा वेगळी आहे असे मोठ्याने सांगू लागला, हे शेजारी शेजारी ठेवून बघायला हवे. पूर्वी आजोबा लिंगोची कथा सांगत आणि शेजारच्या टोलीत रामाची कथा चाले. दोघांना एकमेकांची अडचण नव्हती. कथा सगळ्यांच्या घरात एकदम शिरली की ‘मग आपण यात कोण?’ हा प्रश्न मुले विचारू लागतात. पडद्यावर त्यांना जंगलात राहणारे दोन प्रकारचे लोक दिसले, शेपटीचे सेवक आणि शिंगांचे राक्षस. पूर्व विदर्भात रावणदहनाला गोंड संघटनांचा जो विरोध आज दिसतो, त्याची मुळे या अस्वस्थतेत शोधावीत असे माझे मत आहे.

बौद्ध वस्त्यांत तर नकार आधीच दिलेला होता. नागपूरची दीक्षाभूमी गोंदियापासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही, ही एक प्रतिज्ञा आहे. याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब १९५४ ची पोटनिवडणूक लढले आणि हरले होते, त्यामुळे इथल्या वस्त्यांत त्यांची आठवण पुस्तकातली नव्हती. आणि योगायोग असा की मालिका ऐन भरात असताना, १९८७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यात ‘हिंदू धर्मातील कूटे’ हे लेखन आणि राम-कृष्णावरचे परिशिष्ट होते. १९८८ च्या सुरुवातीला त्यावरून मुंबईत मोर्चे निघाले, एक खंडाच्या विरोधात आणि मग त्याहून मोठा, समर्थनाचा. शेवटी शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप घालून परिशिष्ट राहिले. म्हणजे त्या हिवाळ्यात एकाच शासनव्यवस्थेच्या एका हातात रामकथेचे प्रक्षेपण होते आणि दुसऱ्या हातात रामकथेची चिकित्सा. अभ्यासकांनी दूरदर्शनवरचा राम आणि रामजन्मभूमीचे आंदोलन यांचा संबंध पुष्कळ तपासला. अरविंद राजगोपाल यांचे २००१ चे पुस्तक त्यात महत्त्वाचे. मराठी मुलुखात मात्र ही दुसरी जोडीच अधिक बोलकी आहे, आणि तिच्याकडे फार कमी जणांनी पाहिले.

बौद्ध घरांनी मालिका पाहिली नाही असे मात्र नाही. पुष्कळांनी पाहिली: कथा म्हणून, करमणूक म्हणून, शेजाऱ्याकडे सगळे जमतात म्हणून. पाहणे आणि मानणे यांत अंतर ठेवता येते, हे या घरांनी फार सहज दाखवले. पुढे २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली, तेव्हा मात्र अंतर मिटले. त्या मालिकेत सावकाश जवळ जाणारा कॅमेरा, चढते संगीत, पाणावलेले डोळे हे सगळे आहे. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या घरात पडद्याने ती भाषा मागच्या दाराने आणली का, हा प्रश्न मी बौद्ध मित्रांना विचारला आहे आणि त्यावरून आमचे वादही झाले आहेत. ते वाद निबंधात दिले आहेत.

मालिकेने स्थानिक प्रकार मारून टाकले, हा दुसरा गैरसमज. दंडार रोडावली, पण तिची कारणे अनेक आहेत, आणि झाडीपट्टीची नाटके तर वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांच्या जोरावर आजही मंडईच्या हंगामात रात्रभर चालतात. नाटकांनी पडद्याकडून जे उचलता येईल ते उचलले: मुकुटांची घडण, निवेदकाचा भारदस्त आवाज, बाण सुटल्यावरचा प्रकाश. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त हरीश भिमाणींच्या आवाजात बोलणारा काळ ऑक्टोबर १९८८ मध्ये आला आणि नाटकांच्या घोषणांतून तो अजून गेलेला नाही. ज्या प्रकाराला उसनवारी जमली तो टिकला. मानस मंडळीच्या टीकेसारखे जे प्रकार थांबून बोलण्यावर उभे होते, त्यांना उसने घेण्यासारखे तिथे काही नव्हते.

भक्तांनी मालिकेला वाकवले, हेही विसरू नये. राज्याभिषेकावर कथा संपवायचा बेत होता. लव-कुशाची कथा दाखवा म्हणून उत्तर भारतात वाल्मीकी समाजातल्या सफाई कामगारांनी १९८८ च्या पावसाळ्यात काम बंद केले, आणि उत्तरकांडाची वेगळी मालिका आली. आपल्या समाजाच्या ऋषीला कथेत जागा मिळावी म्हणून झालेला हा संप होता.

२८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, तीच मालिका दूरदर्शनने पुन्हा दाखवली. प्रेक्षकांचे आकडे प्रचंड निघाले आणि त्यांचा गवगवाही झाला. मला त्या आकड्यांपेक्षा एक फरक महत्त्वाचा वाटतो. या वेळी प्रत्येकाने आपल्या घरात, आपल्या संचावर किंवा मोबाइलवर पाहिले. ओसरी नव्हती, खिडकीचे गज नव्हते, कुणाच्या उंबरठ्याची पायरी नव्हती. दोन्ही प्रक्षेपणांत चित्र तेच आणि घटना वेगळी. दोन्हींची गोळाबेरीज करून लोकभक्तीबद्दल बोलणाऱ्या लेखनापासून वाचकांनी सावध राहावे.

निबंधात जे उणे आहे त्यातले पुष्कळ वाचकच भरून काढू शकतात. मानस मंडळीची जुनी वही, दंडारीची हाताने लिहिलेली संहिता, १९८७ च्या आधीचा दुर्गेच्या किंवा रामनवमीच्या मंडपाचा फोटो घरात असेल, तर तो रद्दीत देऊ नका. मागे गाव आणि साल लिहून ठेवा. आणि त्या रविवारी तुमच्या घरचे कुणी दुसऱ्याच्या ओसरीवर बसले असेल, तर ते नेमके कुठे बसले होते, हे आजच विचारून घ्या.